व्हेंटिलेटरचा डेमो आणि खरेदी विभागाला आलेला एक ईमेल

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी ट्रस्टचं ९० खाटांचं रुग्णालय आहे. आयसीयूत सहा खाटा, पूर्णवेळ इंटेन्सिव्हिस्ट नाही. फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ मिळून आयसीयू सांभाळतात आणि रात्री खरा भार सिस्टरवर असतो. बायोमेडिकल अभियंता पगारावर ठेवणं परवडत नाही, म्हणून असं काही निघालं की मला सल्ल्यासाठी बोलावतात. विश्वस्तांनी दोन नवीन व्हेंटिलेटर मंजूर केले, तेव्हा खरेदी व्यवस्थापक मॅडमनी आलेले ईमेल माझ्याकडे पाठवले. त्यातल्या एका विक्रेत्याचा पहिला ईमेल अनुत्तरित राहिला. त्याच माणसाच्या दुसऱ्या ईमेलवर मात्र डेमो ठरला आणि पुढे ऑर्डरही निघाली. दोन ईमेलमध्ये नेमकं काय बदललं आणि डेमोच्या दिवशी त्यातलं किती खरं निघालं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधी मॅडमची बाजू सांगायला हवी. त्या हिशेब विभागातून खरेदीत आलेल्या. व्हेंटिलेटरचे मोड त्यांना कळत नाहीत आणि कळण्याची गरजही नाही. त्यांच्यासमोरचा प्रश्न वेगळा होता. रुग्णालयातल्या जुन्या तीन व्हेंटिलेटरपैकी एक स्टोअरमध्ये पडून होता. त्याचा श्वास बाहेर सोडण्याच्या बाजूला हवेचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर गेला होता, पुरवठादाराने ती एजन्सी सोडली होती आणि सेन्सर कोणाकडे मागायचा हेच कोणाला माहीत नव्हतं. यंत्र चांगलं, पण निरुपयोगी. दर वर्षी ऑडिटमध्ये त्या यंत्रावर शेरा येई आणि उत्तर मॅडमना द्यावं लागे.

विक्रेत्याच्या पहिल्या ईमेलमध्ये यंत्राची तारीफ होती. बारा मोड, पंधरा इंची टचस्क्रीन, नवजात बालकापासून प्रौढापर्यंत सगळ्यांसाठी एकच यंत्र. सोबत जडशीळ माहितीपत्रक. शेवटी तीन वाक्यं: ‘आमची सेवा २४ तास उपलब्ध आहे. स्टाफला मोफत प्रशिक्षण दिले जाईल. डेमोसाठी आपली सोयीची वेळ कळवावी.’ मॅडमनी तो वाचला आणि तसाच ठेवला, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतं. सोयीची वेळ कोणाची बघायची? डॉक्टरांना बोलवायचं की सिस्टरना? यंत्र कुठे ठेवायचं, त्याला काय जोडावं लागतं, ते परत कधी नेणार? हे सगळं ठरवण्याचं काम ईमेलने त्यांच्यावरच टाकलं होतं. आणि ज्या एका गोष्टीची त्यांना धास्ती होती, तिच्यावर फक्त ‘२४ तास सेवा’ एवढे शब्द.

काही दिवसांनी त्या विक्री अभियंत्याने फोन केला. मॅडमनी त्याला स्टोअरमधल्या यंत्राची गोष्ट सांगितली. तो मुलगा शहाणा. त्याने ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले आणि त्याच आठवड्यात दुसरा ईमेल पाठवला. ट्रस्टचा पत्रव्यवहार मराठीत चालतो, त्यामुळे ईमेलही मराठीत होता:

विषय: आयसीयू व्हेंटिलेटरचा डेमो, गुरुवार दुपारी १२ ते ४ (सेवा व प्रशिक्षणाच्या अटींसह)

आदरणीय मॅडम,
स.न.वि.वि.

फोनवर झालेल्या बोलण्यानुसार डेमोचा प्रस्ताव पाठवत आहे. आपल्याला दोन व्हेंटिलेटर घ्यायचे आहेत, आयसीयूत मेडिकल एअरची लाइन नाही आणि जुने एक यंत्र सुट्या भागाअभावी बंद आहे, हे धरून लिहिले आहे.

यंत्र: हवा आतल्या टर्बाइनने घेते, त्यामुळे कॉम्प्रेसर लागणार नाही. फक्त ऑक्सिजनची लाइन हवी. कोटेशनमध्ये जे मॉडेल आणि जे पर्याय आहेत तेच यंत्र आणू, वरचे मॉडेल आणणार नाही. परवान्याची प्रत सोबत आहे. डेमो टेस्ट लंगवर, म्हणजे फुप्फुसाच्या जागी लावायच्या फुग्यावर होईल. यंत्र रुग्णाला लावले जाणार नाही. यंत्र परतीच्या चलनावर येईल आणि त्याच संध्याकाळी परत नेऊ.

वेळ: दुपारी २ वाजता पाळी बदलते, म्हणून १२ ते ४ ठेवले आहे. सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही पाळ्यांतील सिस्टरना यंत्र हाताळता येईल. डॉक्टरांसाठी १ ते १.३० पुरेसे आहे.

आपल्याकडून: ऑक्सिजन आउटलेटचा मोबाइलवर काढलेला फोटो आधी पाठवावा, म्हणजे योग्य प्रोब लावून नळी आणता येईल. आयसीयूतील एक रिकामी खाट, दोन प्लग पॉइंट आणि इनचार्ज सिस्टर, भूलतज्ज्ञ, तसेच वीज-देखभाल पाहणारी व्यक्ती उपस्थित असावी.

सेवा: आमचा सेवा अभियंता कोल्हापुरात राहतो. तक्रारीनंतर अर्ध्या तासात अभियंत्याचा फोन, २४ तासांत प्रत्यक्ष भेट, ४८ तासांत यंत्र सुरू न झाल्यास बदली यंत्र. वॉरंटी दोन वर्षे. त्यानंतरच्या पाच वर्षांच्या सीएमसी देखभाल कराराचे दर कोटेशनमध्ये आजच दिले आहेत. ऑक्सिजन सेल, बॅटरी आणि फ्लो सेन्सर सीएमसीमध्ये येत नाहीत. त्यांचे आजचे दर आणि बदलण्याचा अंदाजे कालावधी वेगळ्या तक्त्यात आहे.

प्रशिक्षण: यंत्र बसवल्यानंतर तिन्ही पाळ्यांत प्रत्येकी एक सत्र, रात्रपाळीचे सत्र रात्री ९ वाजता. प्रत्येक सिस्टरने सुरुवातीची तपासणी स्वतः करून दाखवल्यावरच तिचे नाव यादीत येईल. तीन महिन्यांनी नव्या स्टाफसाठी पुन्हा एक दिवस. दोन सिस्टरना सेन्सर व व्हॉल्व्ह काढणे, धुणे, बसवणे शिकवू.

पडताळणी: वॉरंटी संपून गेलेली आमची यंत्रे ज्या तीन रुग्णालयांत चालू आहेत, त्यांच्या आयसीयू इनचार्जचे क्रमांक त्यांच्या परवानगीने सोबत देत आहे. आम्हाला न कळवता फोन करावा.

गुरुवार सोयीचा नसेल तर पुढचा मंगळवार चालेल. दोन्हींपैकी एक कळवावा.

कळावे,
आपला विश्वासू

या ईमेलला मॅडमनी लगेच उत्तर पाठवलं. त्यात फक्त ‘गुरुवार’ होता आणि आउटलेटचा फोटो.

फोटोचं महत्त्व सांगतो, कारण डेमो फसतात ते बहुधा इथेच. भिंतीवरच्या ऑक्सिजन आउटलेटचे साचे वेगवेगळे असतात. ब्रिटिश पद्धतीचा प्रोब जर्मन पद्धतीच्या आउटलेटमध्ये बसत नाही. दोन्हींची मानकं वेगळी आहेत. प्रोब चुकीचा आला तर डॉक्टर उभे, सिस्टर उभ्या, यंत्र टेबलावर आणि ऑक्सिजन नाही. मग विक्रेता ऑक्सिजनविना स्क्रीन फिरवून दाखवतो आणि सगळे मान डोलावून परत जातात. एका फोटोने हे टळतं. वीज-देखभालीचा माणूस बोलावला तोही त्यासाठीच: लाइनवर दाब किती येतो, जनरेटर सुरू व्हायला किती सेकंद जातात, हे डॉक्टरांना माहीत नसतं, त्याला असतं.

कोटेशनमधलंच मॉडेल आणण्याचं वाक्य मला या ईमेलमधलं सर्वांत प्रामाणिक वाटलं. डेमोच्या यंत्रात बहुतेक वेळा सगळी सॉफ्टवेअर भरलेली असतात. दाखवताना सगळं दिसतं, पण येणाऱ्या यंत्रात त्यातला निम्मा मेनू कुलूपबंद असतो आणि उघडायला पैसे लागतात. डेमोच्या दिवशी कोटेशनची प्रत हातात ठेवून यंत्राच्या माहितीच्या पानावरचे पर्याय ताडून पाहावेत. फार तर पाच मिनिटं जातात.

परवान्याबद्दल थोडंच. व्हेंटिलेटर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली ‘क’ वर्गात येतो आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून या वर्गाच्या उपकरणांना उत्पादन किंवा आयात परवाना बंधनकारक आहे. प्रतीवरचं मॉडेलचं नाव आणि कोटेशनमधलं नाव अक्षरशः जुळतं का, एवढं मॅडमनी स्वतः पाहिलं.

सेवेचा परिच्छेद आम्ही सगळ्यांत जास्त वेळ वाचला. बहुतेक विक्रेते ‘२४ तासांत प्रतिसाद’ लिहितात. प्रतिसाद म्हणजे काय? फोन उचलला तरी तो प्रतिसादच. अभियंता आला, पाहिलं, ‘पार्ट मागवावा लागेल’ म्हणून गेला, तरी अट पाळली गेली आणि यंत्र बंदच. म्हणून फोन, भेट आणि दुरुस्ती या तिन्हींना वेगळी मुदत हवी, आणि तिसरी चुकली तर बदली यंत्र. या ईमेलमध्ये ती होती.

दुसऱ्या एका विक्रेत्याने ‘९५ टक्के अपटाइमची हमी’ दिली होती आणि विश्वस्तांना ती फार आवडली. मी वहीत आकडा मांडून दाखवला. वर्षाचे ३६५ दिवस, त्याचे पाच टक्के म्हणजे १८ दिवस. यंत्र वर्षातून १८ दिवस बंद राहिलं तरी हमी मोडत नाही. ९८ टक्के धरले तर सात दिवस. शिवाय ते दिवस सलग असतील की सुटे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. सहा खाटांच्या आयसीयूत दोनच नवीन यंत्रं असताना सलग १८ दिवस एक बंद, याचा अर्थ रुग्ण पुढे शहरात पाठवावा लागणं. टक्क्यांपेक्षा ‘४८ तासांत बदली यंत्र’ हे शब्द रुग्णाच्या जास्त कामाचे.

आता वगळलेल्या भागांचा तक्ता. सीएमसीमध्ये सुटे भाग येतात, एएमसी करारात फक्त मजुरी, हे खरेदीतल्या लोकांना ठाऊक असतं. पण सीएमसी घेऊनही जे भाग खरोखर झिजतात तेच ‘कन्झ्युमेबल’ म्हणून बाहेर ठेवलेले असतात, हे पहिलं बिल येईपर्यंत लक्षात येत नाही. ऑक्सिजन मोजणारा रासायनिक सेल यंत्र न वापरताही ऑक्सिजनच्या संपर्काने संपत जातो. साधारण वर्ष-दोन वर्षांत तो बदलावा लागतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. गरम तारेचा फ्लो सेन्सर नाजूक असतो, जंतुनाशकातून काढून पुरता न सुकवता बसवला किंवा बोट लागलं तरी जातो. स्टोअरमधल्या यंत्राचं मरण याच भागाने झालं होतं. या विक्रेत्याने तिन्हींचे दर आधीच लिहिले, म्हणून मॅडमना सात वर्षांचा खरा खर्च मांडता आला. तेव्हा किमतीने स्वस्त असलेलं दुसरं यंत्र सातव्या वर्षापर्यंत महाग पडत होतं. विश्वस्तांसमोर हा एक कागद पुरला.

गुरुवारी डेमो झाला. नळी बसली. पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे यंत्र चालू असताना भिंतीवरचा प्लग काढला. यंत्राने आवाज दिला, बॅटरीवर गेलं आणि टेस्ट लंग तसाच फुगत राहिला. अर्धा तास आम्ही ते बॅटरीवरच ठेवून बाकीचं पाहिलं. डेमोच्या यंत्रातली बॅटरी किती जुनी, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून ही चाचणी यंत्र बसवतानाही करायची, सांगितलेल्या पूर्ण वेळेपर्यंत करायची, असं ऑर्डरमध्ये लिहिलं.

मग विक्री अभियंत्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि इनचार्ज सिस्टरना पुढे केलं. डेमोत विक्रेत्याची बोटं स्क्रीनवर इतकी झपाझप फिरतात की बघणाऱ्याला सगळं सोपं वाटतं. सिस्टरनी स्वतः श्वासाच्या नळ्यांचं सर्किट जोडलं आणि सुरुवातीची तपासणी लावली. यंत्र गळती आणि नळ्या किती ताणल्या जातात ते मोजतं आणि पास किंवा नापास सांगतं. पहिल्यांदा नापास आलं, कारण सर्किटचं एक टोक सैल होतं. नेमकी हीच चूक रात्री तीन वाजता होते. सिस्टरनी टोक शोधलं, घट्ट केलं, दुसऱ्यांदा पास आलं. दुपारच्या पाळीतल्या नव्या सिस्टरला मात्र तो मेनूच सापडेना. तिला विचारलं तेव्हा कळलं, जुन्या यंत्रावर ही तपासणी कोणी करतच नव्हतं. यंत्र चालू करायचं आणि लावायचं. हा शोध मला डेमोच्या बाकी सगळ्यापेक्षा मोलाचा वाटला. तिच्याशी बोलूनच ठरलं की दोन्ही यंत्रांना तपासणीच्या पायऱ्यांचं मराठी कार्ड लॅमिनेट करून बांधायचं.

नंतर भूलतज्ज्ञांनी न सांगता टेस्ट लंग काढून टाकला. अलार्म वाजला. एका सिस्टरचा हात आवाज बंद करण्याच्या बटणाकडे गेला, दुसरी स्क्रीन वाचू लागली. डॉक्टरांनी तिथेच थांबवून सांगितलं: आधी रुग्णाकडे बघायचं. नळी सुटली असेल तर जोडायची, कारण लगेच सापडत नसेल तर व्हेंटिलेटर सोडवून हाताने दाबायच्या अँबू बॅगने श्वास द्यायचा आणि यंत्राकडे मग बघायचं. ही गोष्ट कोणत्याच कंपनीच्या प्रशिक्षणाच्या कागदावर पहिली नसते, कारण ती त्यांच्या यंत्राबद्दल नाही. आमच्या मागणीवरून ती प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला घेतली गेली.

टेस्ट लंगवर एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे स्वतः श्वास घेऊ पाहणाऱ्या रुग्णाशी यंत्र किती जुळवून घेतं. त्यासाठी दिलेल्या तीन क्रमांकांवर फोन केले. फोन भूलतज्ज्ञांनी डॉक्टरांना केला आणि इनचार्ज सिस्टरनी सिस्टरना. डॉक्टरांकडून यंत्राबद्दल समाधानकारक उत्तर आलं. सिस्टरकडून जास्त कळलं: एका ठिकाणी सर्किटमध्ये पाणी साचलं की यंत्र रुग्णाचा श्वास समजून उगाच फुंकर मारतं, म्हणून त्या दर पाळीला पाणी काढतात, आणि दुसऱ्या ठिकाणी वॉरंटी संपल्यावर अभियंता यायला दोन दिवस लागले होते.

या दुसऱ्या उत्तरामुळे आम्ही सेवेचीही चाचणी घ्यायचं ठरवलं. डेमोनंतर रात्री नऊ वाजता मॅडमनी ईमेलमधल्या तक्रार क्रमांकावर फोन लावला आणि डेमो यंत्राच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. फोन लगेच उचलला गेला, पण दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात, हिंदीत, आणि अभियंत्याचा फोन आला तो जवळजवळ दोन तासांनी. ईमेलमध्ये अर्धा तास लिहिलेला होता. विक्री अभियंत्याला सकाळी कळवलं तेव्हा त्याने सारवासारव केली नाही. केंद्राची तक्रार अभियंत्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे त्याने मान्य केलं आणि कोल्हापूरच्या अभियंत्याचा थेट क्रमांक, तसेच तो रजेवर असताना दुसऱ्याचा क्रमांक, लेखी दिला. अशी रात्रीची चाचणी प्रत्येक खरेदीत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. तिला खर्च येत नाही आणि तिचं उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही.

ऑर्डर त्याच विक्रेत्याला गेली. ईमेल ऑर्डरला जोडपत्र म्हणून लावला, म्हणजे त्यातलं प्रत्येक वाक्य करारात आलं. तीन बदल केले. अर्ध्या तासाची अट थेट क्रमांकावर मोजायची. प्रत्येक यंत्रासोबत एक जादा फ्लो सेन्सर किमतीतच द्यायचा. आणि दहा टक्के रक्कम तीन महिन्यांनंतरचं प्रशिक्षण होईपर्यंत राखून ठेवायची. या शेवटच्या अटीवर कंपनीच्या हिशेब विभागाने बराच विरोध केला. मॅडम अडून राहिल्या, कारण त्यांच्याकडे आयसीयूतल्या सिस्टर दर काही महिन्यांनी बदलतात. पहिल्या दिवशी शिकवलेल्यांपैकी किती जणी तेव्हा तिथे असतील, याची खात्री त्यांनाच नव्हती.

तीन महिन्यांनी सत्र झालं तेव्हा यादीतल्या चार जणी नोकरी सोडून गेल्या होत्या आणि पाच नव्या आल्या होत्या. पाचही जणींनी मराठी कार्ड बघत सुरुवातीची तपासणी करून दाखवली, इनचार्ज सिस्टरनी यादीवर सही केली आणि मॅडमनी राखून ठेवलेल्या रकमेचा चेक काढला.